सीबीएस बदल पार पडला – अभिनंदनाच्या मजकुरात कोणाचं नाव, कशासाठी आणि कसं लिहायचं?

मोडी_लिपी (धागाकर्ता)

नागरी सहकारी बँक, १४ शाखा. गेल्या आठवड्यात जुनं सीबीएस, म्हणजे सगळ्या शाखांची खाती चालवणारी मध्यवर्ती संगणक प्रणाली, बंद होऊन नवं सुरू झालं. शनिवारी संध्याकाळी जुन्या प्रणालीचा शेवटचा डे-एंड, म्हणजे दिवसअखेरचा हिशेब, झाला आणि सोमवारी सकाळी काउंटर नव्यावर उघडले. त्याआधी तीन मॉक रन, म्हणजे रंगीत तालमी, झाल्या होत्या.

शुक्रवारी कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर अभिनंदनाचा मजकूर टाकायचा आहे. तोच पुढे वार्षिक अहवालात छापला जाईल, म्हणजे सभासदही वाचणार. चमूत आठ जण, शिवाय व्हेंडरचा एक अभियंता. माझा कच्चा मजकूर खाली देतोय (नावं बदलली आहेत). वाचल्यावर काहीतरी खटकतंय, पण नेमकं काय ते कळत नाही.

> आपल्या बँकेचे सीबीएस स्थलांतर यशस्वीरीत्या पूर्ण झाले. महेश याच्या अहोरात्र परिश्रमांमुळे हे शक्य झाले. सुनीताताईंनी सर्वांना सांभाळून घेतले. तेरीज वेळेत जुळवण्यात आली. रेवती, फरीद व इतर सर्व सहकाऱ्यांनी मोलाची मदत केली. सर्वांचे हार्दिक अभिनंदन!

---

नारळीपाक

अभिनंदन! आमच्याकडे अशा वेळी शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह देतात. नऊ जणांचा सत्कार म्हणजे एकेकाला तीन मिनिटं धरली तरी अर्धा तास गेला. अध्यक्षांचं भाषण शेवटी ठेवा, नाहीतर अर्धे लोक चहाला निघून जातात. शाली एकाच रंगाच्या घ्या, रंगावरूनही कुरबुर होते.

---

मोडी_लिपी

@नारळीपाक, समारंभ नाही हो, मजकुराबद्दल विचारतोय. पण शालींचा मुद्दा लक्षात ठेवतो.

---

मुद्रितशोधक

तुमच्या मसुद्यात एक वाक्य आहे: ‘तेरीज वेळेत जुळवण्यात आली’. तेरीज म्हणजे सगळ्या शीर्षांच्या जमा-नावे शिलकांचा ताळा. अख्ख्या बदलातलं सगळ्यात अवघड काम तो जुळवणं हेच असतं, आणि नेमकं त्याच वाक्याला कर्ता नाही. मराठीत ‘करण्यात आले’ लिहिलं की कर्ता बिनबोभाट गायब होतो. अहवालाच्या भाषेची सवय म्हणून आपण ते लिहितो आणि तिथेच कोणाचं तरी श्रेय बुडतं. पहिलं काम हे करा: मसुद्यातल्या प्रत्येक ‘-ण्यात आले’खाली रेघ ओढा आणि ‘कोणी?’ विचारा. तेरीज कोणी जुळवली?

---

मोडी_लिपी

सुनीताताईंनी. लेखा विभागातल्या आहेत. मॉक २ मध्ये आवर्त ठेवीच्या शीर्षात खात्यांची बेरीज आणि खातेवहीतली शिल्लक यांत १,३१२ रुपये ४० पैशांचा फरक येत होता. व्हेंडर म्हणत होता, सस्पेन्समध्ये, म्हणजे न जुळणाऱ्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात टाका, नंतर बघू. त्यांनी तीन दिवस खाती चाळली. मुदतीआधी बंद केलेल्या तीन खात्यांवरचं व्याज उलटवताना जुन्या प्रणालीने ते खात्यातून काढलं होतं, पण शीर्षातून काढलंच नव्हतं. तिथून मग तसलीच आणखी काही खाती इतर शाखांत सापडली.

---

मुद्रितशोधक

आणि हे सगळं केलेल्या बाईंबद्दल तुम्ही लिहिलंत ‘सर्वांना सांभाळून घेतले’!

आणखी एक बघा. महेश ‘याच्या’, सुनीता‘ताईंनी’, रेवती आणि फरीद नुसतेच. एका मजकुरात सगळ्यांना एकच रूप हवं. पूर्ण नाव आणि ‘यांनी’, मग तो कनिष्ठ लिपिक असो वा मुख्य व्यवस्थापक. तोंडी बोलताना ताई, भाऊ, साहेब म्हणा खुशाल. छापील मजकुरात ‘साहेबांनी केले’ आणि ‘महेशने केले’ शेजारी आले की वाचणाऱ्याला कामाच्या आधी पायरी दिसते. श्री., सौ., कु. काहीच लावू नका. आणि नाव कसं लिहायचं ते ज्याचं त्याला विचारा. सासरचं की माहेरचं, वडिलांचं नाव मधे हवं की नको, हे तुम्ही ठरवायचं नाही.

---

टर्मिनलवाला

यात एवढं अवघड काय आहे? स्थलांतराच्या स्क्रिप्ट गिटमध्ये असतीलच. मॉक १ आणि गो-लाइव्हला टॅग लावले असतील तर:

```
git shortlog -sn --no-merges \
  --group=author \
  --group=trailer:co-authored-by \
  mock1..golive
```

प्रत्येकाच्या कमिट, म्हणजे जमा केलेले बदल, मोजून कोणी किती काम केलं ते आकड्यांत समोर येतं. दोघांनी मिळून लिहिलेल्या कमिटमध्ये `Co-authored-by:` ओळ असेल तर दुसऱ्याचंही नाव मोजलं जातं. त्याच क्रमाने नावं टाका, वाद संपला.

---

मोडी_लिपी

चालवून पाहिलं. महेश १४३, फरीद ३८, व्हेंडरचा अभियंता २१. बाकी कोणीच नाही.

---

खतावणी

@टर्मिनलवाला, आज्ञा बरोबर आहे आणि नावं गोळा करायला उपयोगीही आहे, पण क्रम लावायला नाही. सुनीताबाईंचं सगळं काम एक्सेलमध्ये आणि छापील तेरजेवर झालं, म्हणून त्यांची संख्या शून्य. महेशच्या १४३ पैकी किती कमिट आधीच्या कमिटमधली चूक दुरुस्त करणाऱ्या आहेत, तेही बघा. जो लहान तुकड्यांत काम जमा करतो त्याचा आकडा फुगतो, जो विचार करून एकदाच करतो त्याचा बसतो. कामाच्या खुणा जिथे आपोआप उमटतात तिथलेच लोक अशा यादीत दिसतात.

तीन ठिकाणं चाळा. एक, हे गिट. दोन, तिन्ही मॉकची अडचणींची नोंदवही: अडचण कोणी नोंदवली आणि कोणी बंद केली, हे दोन्ही रकाने वेगवेगळे बघा. तीन, त्या काळातला ड्युटी तक्ता. हे झाल्यावर आठही जणांना आणि अभियंत्याला स्वतंत्रपणे दोन प्रश्न विचारा: ‘तुम्ही काय केलंत ते एका वाक्यात सांगा’ आणि ‘कोण नसतं तर तुमचं काम अडलं असतं?’

पहिल्या प्रश्नाला लोक एकतर फुगवून सांगतात किंवा ‘माझं काही विशेष नाही’ म्हणतात. खरा माल दुसऱ्या उत्तरात असतो. तुमच्या डोक्यात नसलेलं एखादं नाव दोन-तीन जणांकडून आलं तर ते मजकुरात यायलाच हवं, मग तो माणूस कागदोपत्री चमूत असो की नसो.

---

सडेतोड

एक शंका. सगळ्यांनाच एकेक ओळ वाटली तर ज्याने खरंच डोंगर उपसला त्याचं काय? १४३ कमिट म्हणजे काही गंमत नाही. सरसकट समान वाटप हाही अन्यायच. महेशला वर काढलंच पाहिजे.

---

खतावणी

समान वाटप करा असं मी म्हणत नाहीये. एका कामाला एक वाक्य. महेशने तीन वेगळी कामं केली असतील तर त्याची तीन वाक्यं होतील आणि वाचणाऱ्याला वजन आपोआप कळेल. फक्त ‘यांच्यामुळे हे शक्य झाले’ एवढं लिहू नका, कारण त्या शब्दांनी बाकीचे सगळे त्याचे मदतनीस होतात. आणि ते खोटंही आहे. तेरीज जुळली नसती तर स्क्रिप्ट कितीही चांगल्या असोत, सोमवारी काउंटर उघडले नसते.

---

सडेतोड

वाक्यं मोजून वजन कळावं एवढं बारकाईने कोणी वाचत नाही. मला पटलेलं नाही.

---

अबोली

मी एका पतसंस्थेत आहे. आमच्याकडे असाच बदल झाला तेव्हा मी नऊ महिने जुन्या सिस्टीमचा रोजचा डे-एंड आणि शाखांचे फोन एकटीने घेतले, कारण बाकीचे सगळे नव्यावर होते. अभिनंदनाच्या पत्रात माझं नाव नव्हतं. विचारलं तर म्हणाले, ‘तुम्ही प्रोजेक्टमध्ये नव्हतात ना!’ तुमच्याकडे असं कोणी आहे का, एवढंच बघा.

---

मोडी_लिपी

आहे. प्रकाश. खरं सांगतो, माझ्या मसुद्यात तर नव्हताच, आठ जणांच्या यादीतही नव्हता. @खतावणी, तुमचे दोन प्रश्न काल सगळ्यांना विचारले. दुसऱ्या प्रश्नाला नऊपैकी पाच जणांनी त्याचं नाव सांगितलं.

आणखी एक कळलं. पिग्मीच्या यंत्रांतून येणाऱ्या फाइलीतली तारखेची गडबड फरीदने सोडवली हे मला माहीत होतं. ती गडबड सापडली कशी, ते माहीत नव्हतं. फाइलीत दिवस आधी आणि महिना नंतर, नवी प्रणाली वाचत होती उलटं. मॉक १ नेमका ५ ऑगस्टला झाला, त्यामुळे ०५/०८ ही तारीख ८ मे म्हणून निमूटपणे स्वीकारली गेली, कुठे त्रुटी दिसलीच नाही. १२ तारखेनंतर मॉक केला असता तर पहिल्याच फाइलीला अडकलो असतो. शाखेतल्या अनघाने एका एजंटची पावती-पुस्तकं खात्याशी ताडून पाहिली तेव्हा जमा मे महिन्यात पडलेली दिसली. नोंदवहीत अडचण तिच्या नावावर आहे, पण सगळे ‘फरीदची पिग्मीवाली दुरुस्ती’ म्हणूनच ओळखतात.

---

खतावणी

म्हणूनच दोन रकाने वेगळे बघायला सांगितलं. दुरुस्त करणाऱ्याचं नाव कामाला चिकटतं, शोधणाऱ्याचं गळतं. मजकूर लिहिताना चार क्रियापदं समोर ठेवा: शोधलं, केलं, तपासलं, चालू ठेवलं. प्रत्येक मोठ्या कामापुढे चारही घरं भरतात का ते बघा. अनघा शोधणारी, फरीद करणारा, प्रकाश चालू ठेवणारा. रिकामं घर दिसलं तर बहुतेक वेळा तिथे कोणीतरी असतं, आपल्यालाच माहीत नसतं.

---

मुद्रितशोधक

क्रियापदांवरून आठवलं. कच्च्या मसुद्यात पुरुषांची आणि बायकांची क्रियापदं वेगळ्या रंगांनी रंगवून बघा. उभारलं, सोडवलं, पार पाडलं एकीकडे आणि सांभाळलं, मदत केली, समन्वय साधला दुसरीकडे, असं फार वेळा निघतं. रेवतीने तुमच्याकडे नेमकं काय केलं?

---

मोडी_लिपी

समन्वय… म्हणजे १४ शाखांचं तीन मॉकचं वेळापत्रक तिने बांधलं. सोमवारी दुपारपर्यंत अमुक गोष्टी जमल्या नाहीत तर जुन्या प्रणालीवर परत जायचं, ही अट आणि त्याची पायरीवार यादी तिने लिहिली, आणि मॉक ३ मध्ये परत जाऊन दाखवलं.

---

मुद्रितशोधक

मग हेच लिहा. ‘समन्वय’ शब्दाच्या पोटात हे सगळं गडप झालं होतं.

---

टर्मिनलवाला

क्रमाचं काय मग? कमिटने नको तर वर्णानुक्रमे लावा. भौतिकशास्त्रातल्या मोठ्या प्रयोगांत बऱ्याचदा हेच करतात. हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावरच्या २०१५ च्या निबंधाला ५,१५४ लेखक होते. यापेक्षा न्याय्य काही नाही.

---

खतावणी

पाच हजार नावांत पहिलं कोण आलं याकडे कोणी बघत नाही, म्हणून तिथे चालतं. नऊ नावांत पहिलं नाव म्हणजे म्होरक्या, असाच अर्थ लागतो. खाली ‘नावे वर्णानुक्रमे’ अशी ओळ टाकली तर थोडं निभतं, पण ‘अ’वाले कायम वर आणि ‘ह’वाले कायम खाली. मी कामाच्या क्रमाने लिहीन: आधी डेटा, मग जुळवणी, मग शाखा, मग रोजचा गाडा. वाचणारा काम वाचत जातो आणि नाव ओघात येतं. नुसती नावांची यादी करायचीच नाही.

चांद्रयान-३ चं उदाहरण घ्या. २३ ऑगस्ट २०२३ ला लँडर उतरल्यावर इस्रोचे अध्यक्ष सोमनाथ बोलले आणि त्यांनी प्रकल्प संचालक वीरमुथुवेल, सहयोगी प्रकल्प संचालक कल्पना यांना पुढे केलं. कोणाची जबाबदारी काय होती ते लोकांना तिथेच कळलं. नावाबरोबर काम आलं की क्रमाचं भांडण निम्मं मिटतं.

---

सडेतोड

तिथेही हजारो लोकांतून मोजकेच बोलले ना? म्हणजे वर काढावंच लागतं.

---

खतावणी

हो, हजारो असतील तर काढावंच लागतं. नवाला नाही. सीमारेषा कुठे, हे मलाही ठामपणे सांगता येणार नाही. वीस-पंचवीस नावांपर्यंत प्रत्येकाला वाक्य देता येतं असा माझा अंदाज. पुढे गटवार जावं लागेल.

---

मोडी_लिपी

‘अहोरात्र परिश्रम’ ठेवू का? महेश खरंच दोन रात्री ऑफिसात झोपला.

---

मुद्रितशोधक

काढा. दोन कारणं आहेत. दोन रात्री का जागावं लागलं, हा प्रश्न सभासद विचारू शकतो, आणि त्याचं उत्तर नियोजनाकडे बोट दाखवेल. दुसरं, ज्यांना घरी लहान मूल किंवा आजारी माणूस आहे म्हणून सातला निघावं लागलं, त्यांचं काम त्या शब्दाने आपोआप कमी ठरतं. किती जागला ते सोडा, काय केलं ते लिहा.

पिग्मीचं लिहितानाही जपा. ‘फलाण्या शाखेच्या फाइलीतली चूक’ असं लिहिलंत तर एकाच्या कौतुकात दुसऱ्याची जाहीर फजिती होईल. तुमच्या बाबतीत तर चूक शाखेची नव्हतीच, दोन प्रणालींच्या तारखेची रीत वेगळी होती. तेवढंच लिहा.

---

मोडी_लिपी

दुसरा मसुदा. नावांच्या जागी आडनावासकट पूर्ण नावं येतील.

> सोमवारी सकाळी आपल्या १४ही शाखा नव्या सीबीएसवर सुरू झाल्या. खात्यांचा डेटा जुन्या प्रणालीतून नव्यात नेणाऱ्या स्क्रिप्ट महेश यांनी लिहिल्या. प्रत्येक मॉकनंतर त्या सुधारून त्यांनी पूर्ण डेटा उतरवण्याची वेळ ११ तासांवरून ४ तासांवर आणली. तेरीज सुनीता यांनी जुळवली. आवर्त ठेवीतला १,३१२ रुपये ४० पैशांचा फरक सस्पेन्समध्ये न टाकता त्यांनी त्याचे मूळ शोधले आणि त्यातून इतर शाखांतली तशीच खातीही दुरुस्त झाली. पिग्मीच्या नोंदी चुकीच्या महिन्यात पडत असल्याचे अनघा यांच्या लक्षात आले. दोन प्रणालींत तारीख लिहिण्याची पद्धत वेगळी असल्याचे फरीद यांनी शोधून सर्व यंत्रांच्या फाइली दुरुस्त केल्या. तीन मॉकचे वेळापत्रक आणि गरज पडल्यास मागे फिरण्याची योजना रेवती यांनी तयार केली व मॉक ३ मध्ये ती प्रत्यक्ष करून दाखवली. एकाच ग्राहकाचे अनेक ग्राहक क्रमांक तुकाराम व वैशाली यांनी पॅन आणि केवायसी कागद ताडून एकत्र केले. शाखांच्या जोडण्या संदेश यांनी तपासल्या. दोन शाखांत पर्यायी जोडणी बसवली. या सर्व काळात जुन्या प्रणालीचा रोजचा डे-एंड आणि शाखांच्या तक्रारी प्रकाश यांनी सांभाळल्या, त्यामुळे बाकीच्यांना या कामासाठी वेळ मिळाला.

---

मुद्रितशोधक

आता हे वाचण्यासारखं झालं. प्रकाश यांच्या वाक्यातला ‘सांभाळल्या’ बदला. ‘डे-एंड रोज केला आणि शाखांच्या तक्रारी सोडवल्या’. त्यांचं काम सगळ्यांत कमी दिसणारं, त्यालाच मऊ शब्द नको. ‘त्यामुळे बाकीच्यांना वेळ मिळाला’ हे मात्र ठेवा. अबोलीताईंना जे हवं होतं ते हेच वाक्य.

---

अबोली

हो. 🙂

---

खतावणी

टाकण्याआधी एक पायरी. ज्याचं वाक्य त्याला पाठवा, आणि त्याच्या शेजारी काम केलेल्या एकाला. एक दिवस द्या. ‘११ तासांवरून ४’ यात यंत्र बदलल्याचा किती वाटा आणि स्क्रिप्टचा किती, हे व्हेंडरच्या अभियंत्याला विचारा. कौतुकातला आकडा चुकीचा निघाला की सगळा मजकूर संशयास्पद होतो.

नजरचुकीने एखादं नाव राहिलंच, तर त्याला केबिनमध्ये बोलावून ‘सॉरी, राहून गेलं’ म्हणू नका. ज्या ग्रुपवर चूक झाली तिथेच, त्याच दिवशी, त्याच्या कामाच्या वाक्यासकट दुरुस्ती टाका. अहवाल छापायला जाण्याआधी मूळ मजकुरातही ते वाक्य त्याच्या जागी घाला, शेवटी ‘तसेच’ लावून नको.

---

मोडी_लिपी

विचारलं. नवा सर्व्हर मॉक २ च्या आधी आला, त्यानेच ११ चे ७ झाले होते. स्क्रिप्टमुळे ७ चे ४. तसं बदललं. महेश स्वतःच म्हणाला, ‘बरं झालं, नाहीतर संदेशने मला सोडलं नसतं.’

तुकारामने मात्र कळवलंय की सभासदांच्या अहवालात नाव नको, ग्रुपवर चालेल. कारण सांगितलं नाही.

---

खतावणी

कारण विचारूही नका. अहवालात ‘वैशाली व एका सहकाऱ्याने’ असं लिहा. पूर्ण काम वैशालीच्या नावावर टाकू नका, तिलाही ते अवघड होईल.

---

नारळीपाक

व्हेंडरच्या माणसाचं नाव कुठे दिसत नाही ते? त्यानेही २१ वेळा काहीतरी केलंय ना!

---

मोडी_लिपी

तिथेच अडलंय. आमचे सीईओ म्हणतात, व्हेंडरला पैसे दिलेत, अहवालात नाव म्हणजे फुकटची जाहिरात. माझं म्हणणं, कंपनीचं नाव नको, पण माणसाचं हवं. सोमवारी पहाटे व्याजाचं गणित चुकत होतं ते त्यानेच सोडवलं.

---

सडेतोड

या वेळी सीईओंच्या बाजूने. कंत्राटी माणसाचं नाव एकदा छापलं की पुढच्या निविदेत तेच पत्र जोडून येतं.

---

मुद्रितशोधक

ग्रुपवरच्या मजकुरात नाव आणि काम, अहवालात ‘प्रणाली पुरवठादाराच्या अभियंत्यांनी’ आणि त्याच्या कंपनीतल्या वरिष्ठांना त्याच्या कामाचं वेगळं पत्र, असं करून पाहा. मात्र आधी त्या कंपनीला विचारा. काहींच्या करारात नाव जाहीर करायला मनाई असते.

---

मोडी_लिपी

विचारलंय, उत्तर यायचंय. तोवर सीईओंचा दुसरा निरोप आला: मजकुराची सुरुवात ‘मा. अध्यक्षांच्या मार्गदर्शनाखाली’ अशी करा. मी सुचवलंय की अध्यक्षांनी खाली सही करावी, म्हणजे मजकूर त्यांच्याच तोंडून येईल. फाइल त्यांच्या टेबलावर आहे.